चुंबळ (लघुकथा): तळेगाव ते शिवाजीनगर, आठवा महिना

रेवा_तळेगाव

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात घोळत होती ती गोष्ट शेवटी लिहून काढली. मुलगी आता दीड वर्षाची झाली आहे. नाव बदललंय, बाकी गाडी, माणसं आणि ती पाटी बहुतेक जशीच्या तशी. शेवट पटतो का आणि वाचताना कुठे अडखळायला होतं का, एवढंच विचारायचंय. मोकळेपणाने लिहा.

---

लोणावळ्याहून येणारी लोकल तळेगावात शिरते तेव्हाच भरलेली असते. कामशेत, कान्हे, वडगाव करत आलेल्या बायका बाकांवर दाटीवाटीने बसलेल्या असतात. दाराशी भाजीच्या पाट्या, दुधाचे कॅन आणि त्यांच्या मधल्या फटीत पाय रोवून उभ्या असलेल्या कॉलेजच्या मुली.

नंदिनीची रोजची गाडी त्या दिवशी चुकली होती. मागची मिळाली, पण तिच्यात ओळखीचं कोणी नव्हतं. रोजच्या गाडीत पेडणेकर काकू तिच्यासाठी खिडकी धरून ठेवायच्या.

तेहतिसावा आठवडा चालू होता. ऑफिसात सगळे विचारायचे, अजून येतेस? कायद्याने सव्वीस आठवडे रजा मिळते आणि त्यातले आठ बाळंतपणाआधी घेता येतात, हे तिला पाठ होतं. पण आधी घेतलेला प्रत्येक आठवडा नंतर बाळाजवळून कमी होणार, हा हिशेबही तिने कॅलेंडरवर पेन्सिलने मांडला होता. म्हणून अजून दोन आठवडे जायचं ठरलं होतं.

पर्स ती पुढे, पोटावर घ्यायची. गर्दीत कोणाचं कोपर लागू नये म्हणून. पण त्या पर्समुळे आणि वरून सोडलेल्या ओढणीमुळे पोट झाकलं जायचं, आणि बघणाऱ्याला ती एखादी दमलेली, जाडसर बाई वाटायची.

घोरावाडी गेलं. बेगडेवाडी गेलं. सकाळी जळजळ होत होती म्हणून तिने अर्ध्या कप चहावर घर सोडलं होतं. देहूरोडला आणखी बायका चढल्या आणि ती दोन बाकांच्या मधे ढकलली गेली. वरची कडी धरलेला हात मुंग्या येऊन जड झाला.

आकुर्डी यायच्या आधी डब्यातले आवाज लांब गेले. कोणीतरी रजई पांघरून बोलतंय असे. वरच्या ओठावर गार घाम आला. समोर लाल ओढणीची एक मुलगी कानात इयरफोन घालून बसली होती. तिला म्हणायचं होतं, जरा बसू देतेस का. वाक्य तयार होतं. दोनदा तोंडापर्यंत आलं आणि दोनदा परत गेलं. तिचीही परीक्षा असेल, तीही रात्रभर जागली असेल, असं काहीबाही मनात येत राहिलं.

तेवढ्यात खालून कोणीतरी ओढणी ओढली.

दाराजवळ पाटीला टेकून एक म्हातारी बसली होती. पाटीत मेथी, कोथिंबीर, वरून ओलं पोतं.

"पोरी, खाली बस."

"नको आजी, पुढे..."

"बस म्हनते ना. व्हट पांढरं पडल्यात तुझं."

आजीने मनगट धरून तिला खाली ओढलं. नंदिनी जिथे होती तिथेच, दोन बाकांच्या मधल्या जमिनीवर टेकली. बसल्याबरोबर आवाज हळूहळू जवळ आले. मग आजीचा आवाज अख्ख्या डब्याला ऐकू गेला.

"ए लाल वढणी! उठ गं, पोटुशी हाय ही."

मुलीने इयरफोन काढले. तिचा चेहरा एकदम उतरला. "ताई, सॉरी, मला दिसलंच नाही," म्हणत ती उठली आणि नंदिनीला दोन्ही हातांनी बाकावर बसवलं.

"कितवा?" आजीने विचारलं.

"आठवा."

"पयला?"

"हो."

आजीने डोक्यावरची चुंबळ काढली. जुन्या लुगड्याची, घट्ट पिळून गोल केलेली, मधे खोलगट झालेली. "कमरंच्या मागं घाल. हितं, खालच्या बाजूला."

चुंबळ ऊबदार होती आणि तिला कोथिंबिरीचा वास होता. पाठीच्या ज्या जागी गेले दोन महिने रोज एक ठणका बसलेला असायचा, तिथे ती नेमकी बसली. मग पिशवीतून गूळ आणि शेंगदाणे आले. "चावून खा. घाईनं नको."

पिंपरी, कासारवाडी, दापोडी. मुळेच्या पुलावर गाडीचा आवाज बदलला तशी आजी पाटी सावरू लागली. तिला खडकीला उतरायचं होतं. नंदिनीने पाठीमागून चुंबळ काढून पुढे केली.

"ऱ्हाऊ दे. तुला अजून पुढं जायाचंय." आजीने पदराची घडी करून डोक्यावर ठेवली, दोघींनी पाटी उचलून दिली, आणि उतरता उतरता ती लाल ओढणीला म्हणाली, "शिवाजीनगरला हिला उतरव. आधी तू उतर, मग हिला घे."

मुलगी खडकीपासूनच उभी राहिली. "जागा द्या, पोटुशी आहेत, उतरायचंय," असं आजीच्याच शब्दांत सांगत तिने दारापर्यंत वाट केली. गाडी थांबताच ती आधी उतरली, फलाटावर वळून दोन्ही हात वर केले. गाडी आणि फलाट यांच्यातल्या फटीवरून नंदिनीने पाय टाकला तेव्हा तिचं सगळं वजन त्या दोन हातांवर होतं. मुलगी परत डब्यात चढली. तिला पुणे स्टेशनला जायचं होतं.

गाडी गेली. चुंबळ नंदिनीच्या हातात राहिली.

---

मावळातला_सुधीर

छान लिहिलंय. आमच्या आत्या वीस वर्षं कामशेतहून खडकीला भाजी घेऊन जायच्या, त्यामुळे एक शंका आहे. भाजीवाली बाई चुंबळ अशी सोडून देईल का? भरलेली पाटी वीस-पंचवीस किलोची सहज होते. पदराची घडी थोड्या अंतराला चालते, पण काठ टाळूत रुततो आणि मान दुखते. आत्या चुंबळ विसरल्या तर बाजारात गोणपाट गुंडाळून करून घ्यायच्या, इतकी ती लागते. म्हणजे आजीने किती दिलं हे शहरातल्या वाचकाला कळणार नाही. तिथे एक ओळ वाढवता आली तर बघा.

शुभदा_प

मी प्रसूती विभागात बावीस वर्षं नर्स आहे. मला सगळ्यात जास्त आवडलं ते आजीचं पहिलं वाक्य. ती "जागा द्या" म्हणाली नाही, "खाली बस" म्हणाली. बरोबर तेच करायचं असतं.

आठव्या महिन्यात बराच वेळ एका जागी उभं राहिलं की रक्त पायात साठतं. त्यात पोटाचा भार पायांकडून वर येणाऱ्या मोठ्या शिरेवर पडतो, म्हणून हृदयाकडे रक्त कमी परततं. मग डोकं हलकं होतं, आवाज लांब जातात, गार घाम येतो, ओठ फिकट पडतात. हे सगळं तुम्ही अगदी क्रमाने लिहिलंय. या क्षणी बाई जागा शोधत राहिली तर ती पडते, आणि खरा धोका त्या पडण्यात आहे. पोट बाकाच्या कडेवर आपटलं तर प्रकरण वेगळं होतं. म्हणून जिथे आहे तिथेच, घाणेरडी जमीन असली तरी, बसायचं. जागा नंतर.

उपाशी निघणं हेही एक कारण होतंच. जळजळ होते म्हणून बायका सकाळचं खाणं सोडतात. थोडं थोडं खाल्लं तर जळजळही कमी होते आणि अशी वेळ येत नाही.

अभिजित७९

गोष्ट ठीक आहे, पण एक कळलं नाही. पिंपरीला उतरून मेट्रो का नाही घेतली? पिंपरी चिंचवड स्टेशनपासून थेट शिवाजीनगर, एसी, गर्दी कमी, लिफ्ट आहे. माझी बायको तशीच जाते.

रेवा_तळेगाव

अभिजित, तळेगावहून पिंपरीपर्यंत तर लोकलच लागते, आणि चक्कर त्याच टप्प्यात आली. शिवाय उतरून पूल चढा, रस्त्यावर या, परत मेट्रोचा जिना किंवा लिफ्ट, हे त्या दिवसांत मला जास्त जड जायचं. लोकलचा महिन्याचा पास काढलेला असतो तो वेगळाच. पण मी प्रवासाचा सल्ला विचारला नव्हता, कथेबद्दल विचारत होते. :)

सुधीर, आत्यांबद्दल वाचून अंगावर काटा आला. पाटी इतकी जड असते हे मला तेव्हा माहीत नव्हतं. दोन बायकांनी ती उचलून दिली हे पाहिलं होतं, तरी डोक्यात आलं नाही.

कमल_काकू_चिंचवड

खूप गोड गोष्ट. पण बाळा, आठव्यात प्रवास करूच नये. आमच्या सासूबाई सांगायच्या, सातव्यातलं मूल जगतं पण आठव्यातलं जगत नाही. म्हणून आमच्याकडे आठवा लागला की बाईला उंबरा ओलांडू देत नसत. हे गोष्टीत आलं असतं तर बरं झालं असतं.

शुभदा_प

काकू, सासूबाईंच्या म्हणण्यातली काळजी खरी आहे, पण सात-आठचा हिशेब उलटा आहे. बाळ जितके आठवडे पोटात जास्त राहील तितकी त्याची फुप्फुसं तयार होतात. तेहतीस आठवड्यांचं बाळ अठ्ठावीस आठवड्यांच्या बाळापेक्षा नक्कीच जास्त तयार असतं. माझ्या हातांवर दोन्ही आली आहेत, फरक दिसतो.

शिवाय "आठवा" म्हणजे नेमकं काय हेही घोळाचं असतं. कोणी आठवा लागला त्याला आठवा म्हणतं, कोणी आठ पूर्ण झाले त्याला. रेवाताईंनी कथेत तेहतिसावा आठवडा लिहिलंय ते बरं केलं.

उंबरा ओलांडू न देण्यातला विश्रांतीचा भाग मात्र मी नाकारत नाही. ज्यांना वेळेआधी कळा, रक्तस्राव किंवा बीपीचा त्रास आहे त्यांना आम्हीही प्रवास बंद करायला सांगतो. बाकीच्यांना सरसकट नाही.

कमल_काकू_चिंचवड

असं होय. मला वाटलं सगळ्या दवाखान्यांत हेच सांगतात. पण माझी नणंद आठव्यातच बाळंत झाली होती आणि बाळ गेलं होतं, तेव्हापासून घरात तेच पक्कं बसलं. 1974 सालची गोष्ट आहे.

शुभदा_प

काकू, तेव्हा गावात काचपेटी नव्हती, ऑक्सिजन नव्हता. ते आठवा महिना म्हणून गेलं असं नाही. नणंदेबद्दल वाईट वाटलं.

लाल_ओढणी_नाही

मी ती मुलगी नाही, पण मी अशीच एक मुलगी आहे, म्हणून हा आयडी घेतला. :) आकुर्डी ते शिवाजीनगर रोज जाते, दुसरं वर्ष.

मला खरंच सांगायचंय की आम्हाला कळत नाही. एकदा मी एका ताईंना "तुम्ही बसा ना, तुम्हाला त्रास होत असेल" म्हणाले आणि त्या प्रेग्नंट नव्हत्या. त्यांनी काही म्हटलं नाही पण डोळे भरले त्यांचे. नंतर मी महिनाभर कोणाला विचारलं नाही. कोणी दमलेलं दिसलं तरी मान खाली. तुमच्या कथेत ती मुलगी एकदम उठते हे बरोबर आहे, कारण तिला राग नव्हता, भीती होती.

मावळातला_सुधीर

याच्यावर आमच्या घरी एक साधी रीत आहे. विचारायचंच नाही. शंका आली की उठायचं आणि दाराकडे सरकायचं, आपल्याला उतरायचं असल्यासारखं. जिला गरज असेल ती बसते. नसेल तर दुसरी कोणी बसते, कोणाचं काही जात नाही.

लाल_ओढणी_नाही

हे चालेल. पण गर्दीत मी उठले की ती बसायच्या आधी तिसरीच बसते. झालंय असं.

मावळातला_सुधीर

मग उठताना तिच्या दंडाला हात लावून डोळ्यांनी खूण करा. शब्द नकोत.

पुष्कर_देशपांडे_नव्हे

कथेबद्दल बोलतो. मला "पोटुशी हाय ही" असं अख्ख्या डब्यात ओरडणं खटकलं. त्या बाईला ते जाहीर करायचं नव्हतं, म्हणून तर ती गप्प होती. तिच्या वतीने दुसऱ्याने ओरडायचं का? वाचताना मला नंदिनी अवघडलेली दिसायला हवी होती. तुम्ही ती ओळ लिहिलीच नाही.

रेवा_तळेगाव

लिहिली नाही कारण तसं वाटलंच नाही. मी लाजाळू आहे, घरी पाहुण्यांसमोरही फारसं बोलत नाही. पण त्या क्षणी तो आवाज ऐकून मला सुटल्यासारखं झालं. जे वाक्य मला दोनदा बाहेर काढता आलं नाही ते कोणीतरी माझ्यासाठी म्हणालं. दुसऱ्या एखादीला राग आला असता हे मान्य.

पुष्कर_देशपांडे_नव्हे

मग हेच कथेत यायला हवं. "सुटल्यासारखं झालं" हे कथेत कुठेच नाही, आत्ता प्रतिसादात आलं.

मीनल_हडपसर

मला हे वाचून माझी गोष्ट आठवली. मी बसने जायचे, साडेसातवा महिना. मला जागा रोज मिळायची, अगदी रोज. पण उतरताना कोणी वाट द्यायचं नाही. एकदा माझा थांबा गेला, मी पुढच्या थांब्यावर उतरून उन्हात वीस मिनिटं मागे चालत आले आणि रस्त्याकडेला बसून रडले. म्हणून या कथेत आजी जाताना "हिला उतरव" म्हणते आणि "आधी तू उतर" म्हणते, तिथे मी थांबले आणि परत वाचलं. बसायला जागा देतात हो, बसलेल्या बाईला उतरवायचंही असतं हे कोणाच्या लक्षात येत नाही.

माझा एक प्रश्न आहे शुभदाताईंना. मला तेव्हा बसमध्ये पोट दगडासारखं कडक व्हायचं आणि पाच मिनिटांत सुटायचं. मी कोणाला सांगितलं नाही. ते काय होतं?

शुभदा_प

मीनल, न तपासता मी नक्की सांगू शकत नाही, पण बहुधा खोट्या कळा. पाणी कमी प्यालं, लघवी फार वेळ धरली, उभं राहिलं की येतात. बसून, पाणी पिऊन, कुशीवर पडून थांबतात आणि त्यांना ठरावीक अंतर नसतं. खऱ्या कळा बसल्यावरही थांबत नाहीत, त्यांच्यातलं अंतर कमी होत जातं आणि जोर वाढत जातो. अंगावरून पाणी किंवा रक्त गेलं, बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी वाटली, किंवा डोकं खूप दुखून डोळ्यांपुढे काजवे आले, तर गाडीत बसून ऑफिसला जायचं नाही. पुढच्या स्टेशनवर उतरायचं, स्टेशन मास्तरला सांगायचं, 108 ला फोन करायचा. सोबत कोणी असेल तर तिनेही उतरायचं.

रेवाताई, एक राहिलं. त्या दिवशी शिवाजीनगरला उतरून तुम्ही दवाखान्यात गेलात की ऑफिसला? कथेत नाही म्हणून विचारते.

रेवा_तळेगाव

ऑफिसला गेले. आता वाटतं चुकलं. दुपारी नवऱ्याला फोन केला, संध्याकाळी डॉक्टरांकडे नेलं. हिमोग्लोबिन 9.4 निघालं, गोळ्या मी नीट घेत नव्हते. दुसऱ्या दिवसापासून रजा टाकली. पेन्सिलचा हिशेब खोडून टाकला.

शुभदा_प

हे कथेत टाका की. 9.4 ला उभ्याने चक्कर येणं सहज होतं. आजीने जे ओठ बघितले ना, आम्हीही खालची पापणी ओढून तेच बघतो.

पुष्कर_देशपांडे_नव्हे

मी मात्र म्हणेन टाकू नका. रक्ताचा आकडा आला की गोष्ट दवाखान्याची होईल. "चुंबळ हातात राहिली" इथेच संपू दे.

मीनल_हडपसर

मला आकडा हवाय. वाचणारी एखादी गोळ्या घेईल.

मावळातला_सुधीर

रेवाताई, आजी परत भेटल्या का?

रेवा_तळेगाव

नाही. दुसऱ्याच दिवशी रजा सुरू झाली. बाळंतपणानंतर परत कामावर गेले तेव्हा त्याच गाडीने महिनाभर मुद्दाम गेले. भाजीवाल्या बऱ्याच दिसल्या, त्या नाहीत. चेहरा मला नीट आठवतो, हनुवटीवर तीन ठिपक्यांचं गोंदण होतं. नाव विचारलं नव्हतं. चुंबळ कपाटात आहे, धुतलेली नाही. मुलगी ती डोक्यावर ठेवून घरभर फिरते.

मावळातला_सुधीर

आत्या आता पाटी घेऊन जात नाहीत, पण खडकी बाजारात बसणाऱ्या बऱ्याच जणी त्यांच्या ओळखीच्या आहेत. कामशेत, कान्हे आणि टाकव्याकडून येणाऱ्या आपापल्या ठरलेल्या जागी बसतात. तीन ठिपके हनुवटीवर म्हणालात ना? आज रात्री आत्यांना फोन करून विचारतो.

रेवा_तळेगाव

खरंच विचारा. रविवारी मी खडकीला यायला तयार आहे, मुलीला घेऊन येते. कथेचा शेवट तोवर तसाच ठेवते.

कमल_काकू_चिंचवड

सुधीर, आत्यांना हेही विचार की गाडी कुठली पकडायच्या. म्हातारी माणसं गाडी बदलत नाहीत सहसा.

मावळातला_सुधीर

बोलणं झालं. गोंदणवाल्या दोघी आहेत म्हणाल्या, एक कान्ह्याच्या आणि एक नाणे मावळातल्या. कान्ह्याच्या दिवाळीपासून आलेल्या नाहीत, गुडघ्याचं काहीतरी झालंय. नाणे मावळातल्या मात्र रविवारी असतात. रेवाताई, सकाळी नऊच्या आत या, दहाला त्या उठतात. आणि चुंबळ घेऊन या.